एक पूर्णांक चौतीस

शाळेच्या अपघात नोंदवहीत माझ्या अक्षरात एक वाक्य आहे: ‘विद्यार्थी प्रयोगशाळेत पाय घसरून पडला व टेबलाचा कोपरा त्याच्या कानाला लागला.’ ते खोटं आहे. तो घसरला नव्हता. मी त्याला मारलं होतं, आणि ते त्या वेळी खोलीत असलेल्या चाळीस जणांना दिसलं, तरी त्याची चूक नव्हती हे त्यांना कळलं नव्हतं. मलाही ते दुसऱ्या दिवशीच कळलं. त्यानंतर मी गप्प बसलो. आता वय झालं आहे, अक्षर अजून वाचता येतंय तोवर लिहून ठेवतो.

जालना जिल्ह्यात मंठ्याच्या बाजूला एका शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवत होतो. मारकुटा म्हणूनच मला ओळखत. मी वर्गात शिरलो की पोरांचे हात आपोआप बाकाखाली जात. याचा मला अभिमान होता. पालकही सांगत, सर, कातडी तुमची, हाडं तेवढी आमची ठेवा. मी हसायचो.

मला सगळ्यात जास्त चीड बनवलेल्या रीडिंगची होती. प्रयोग करायचाच नाही, पुस्तकातलं उत्तर धरून उलटे आकडे बसवायचे आणि जर्नल पूर्ण करायचं, हा सगळीकडचा रिवाज. दोन सेलच्या व्होल्टेजचं गुणोत्तर काढायच्या पोटेन्शिओमीटरच्या प्रयोगात तर ते फार सोपं. लेक्लांशे सेल साधारण एक पूर्णांक पंचेचाळीस व्होल्टचा, डॅनियल सेल एक पूर्णांक शून्य आठचा. भागाकार केला की एक पूर्णांक चौतीस. हा आकडा पोरांना पाठ असायचा.

त्या वर्षी मी चोर पकडायची युक्ती काढली. सेल नेहमीचेच, पण जुने झालेले. म्हटलं, ते काही पुस्तकासारखे राहिले नसतील. सगळी मांडणी करून मोजायला सवड नव्हती, म्हणून मी कपाटातला व्होल्टमीटर घेतला आणि दोन्ही सेलना लावून पाहिला. लेक्लांशे एक पूर्णांक अठ्ठावीस, डॅनियल एक पूर्णांक शून्य पाच. गुणोत्तर एक पूर्णांक बावीस. ते मी डायरीत लिहिलं. ज्याचं बावीसच्या आसपास येईल त्याने प्रयोग केला, ज्याचं चौतीस येईल त्याने बनवलं. माझ्या दृष्टीने विषय संपला.

तो बारावीत होता. शेतकऱ्याचा मुलगा, उंच, हाडापेराने मजबूत. त्याला सैन्यात जायचं होतं. दुसरं काही डोक्यातच नव्हतं. रोज पहाटे डांबरी रस्त्याने धावायचा आणि तसाच घामेजलेला कॉलेजात यायचा. धावणं, छाती, उंची सगळं बसत होतं. भरतीच्या मेडिकलला काही निघू नये एवढीच धास्ती. एक दात किडला होता तर जालन्याला जाऊन भरून आला होता. भरती दोन महिन्यांवर आली होती.

त्या दिवशी त्याच सेटवर आधी बसलेल्या दोघांचं गुणोत्तर बरोबर एक पूर्णांक बावीस आलं. मी त्यांची पाठ थोपटली. मग हा आला. जवळजवळ तासभर त्या लाकडी पाटावर वाकलेला होता. चार मीटरची तार, बॅटरीने तिच्यातून प्रवाह सोडलेला, आणि हा हातातली धातूची टोचणी, म्हणजे जॉकी, तारेवर हलकेच टेकवत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर कुठे थांबतो ते शोधत होता. मग जर्नल घेऊन आला. काटा शून्यावर येईपर्यंतची तारेची लांबी लेक्लांशेला तीनशे पाच सेंटिमीटर, डॅनियलला दोनशे सत्तावीस. गुणोत्तर एक पूर्णांक चौतीस.

मी म्हणालो, “कुठून आणलं हे?”

“काढलं सर.”

“काढलं का बनवलं?”

“बराबर काढलं सर. तीन बार घेतलं.”

“मी सेल मोजलेत. बावीस येतं.”

त्याने सरळ विचारलं, “कशानं मोजले सर?”

“व्होल्टमीटरनं.”

तो गोंधळला. उद्धटपणा नव्हता तो, आज शपथेवर सांगतो. त्याला खरंच कोडं पडलं होतं. म्हणाला, “पण सर, व्होल्टमीटर तर सेलमधून करंट खातो ना? तुम्हीच सांगितल्तं. सेलच्या आतच थोडं व्होल्टेज मरतं, मंग काटा कमी दाखवतो. व्होल्टमीटरनं भागत असतं तर आपण हे कशापायी करून राह्यलो?”

मागून कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

मी त्याच्या डाव्या कानावर थप्पड मारली. पूर्ण हात उघडा, खांद्यापासून. तो वाकला तेव्हा दुसरी, त्याच जागी. त्याने टेबल धरलं तर मी मीटरची लाकडी पट्टी उचलली आणि त्याच्या पाठीवर, दंडावर, बोटांवर मारत सुटलो. पट्टी मोडली. मोडलेला तुकडा घेऊन मारलं. तो एकदाच म्हणाला, “सर, बस.” हात उचलला असता तर मला एका हाताने भिंतीला लावलं असतं त्याने. उचलला नाही. कानातून बारीक धार आली आणि सदऱ्याच्या कॉलरमध्ये मुरली. डॅनियल सेलचं भांडं लवंडलं होतं, मोरचुदाचं निळं पाणी टेबलावरून त्याच्या पायावर टपकत होतं. तेव्हा कुठे प्रयोगशाळेच्या परिचर मामांनी मला मागून कवटाळलं.

संध्याकाळी त्याच्या वडिलांना बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी सांगितलं, “खोटं रीडिंग लिहिलं. वर मला भर वर्गात उलट बोलला. दोन चापट्या दिल्या तर टेबलावर पडला.”

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मुलाच्या कानात कापूस होता. तो म्हणाला, “दादा, म्या खोटं न्हाई लिव्हलं.”

“सर खोटं बोलून राह्यले का मंग?” म्हणत त्यांनी पायातली चप्पल काढली. माझ्यासमोर, मुख्याध्यापकांसमोर, त्यांनी पोराला तोंडावर, डोक्यावर चपलेने हाणलं. तो खुर्चीच्या मागे सरकत गेला, कोपऱ्यात बसला, आणि दोन्ही हात फक्त त्या एका कानावर धरून राहिला. मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. थांबवायला एक शब्द पुरला असता. वडील धापा टाकत माझ्याकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, “माफी असावी सर.” मी माफ केलं. मग नोंदवहीत ते वाक्य लिहिलं आणि त्यांनी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळा उघडली. खरं शोधायला नव्हे. त्याची चूक शोधायला. डॅनियलचं भांडं पुन्हा भरलं आणि त्याच सेटवर स्वतः बसलो.

काय काय धरून पाहिलं मी! बॅटरी उतरत गेली असेल, म्हणजे पहिल्या सेलच्या वेळी तारेवर दाब जास्त आणि दुसऱ्याच्या वेळी कमी. म्हणून आधी डॅनियल घेतला, मग लेक्लांशे, मग पुन्हा डॅनियल. लांबी हलली नाही. प्रवाहाची किल्ली दाबूनच ठेवल्याने तार तापली असेल. म्हणून फक्त रीडिंगपुरती किल्ली लावली. तार कुठे घासून बारीक झाली असेल. जॉकी रगडत ओढणारी पोरं तारेचा सत्यानाश करतात. प्रवाह बदलून तोलाची, म्हणजे काटा शून्यावर येण्याची, जागा दुसरीकडे नेली, गुणोत्तर तेच. टोकांचे स्क्रू सैल असतील. कागदाने घासले, आवळले. लेक्लांशेमधून जास्त वेळ प्रवाह गेला तर तो लवकर मंदावतो, म्हणून जॉकी क्षणभरच टेकवला. प्रत्येक चूक काढून टाकली आणि मूळ प्रवाहावर प्रत्येक वेळी काटा तीनशे पाच आणि दोनशे सत्तावीसच्या आगेमागे शून्यावर आला. फार तर एखादा सेंटिमीटर इकडे-तिकडे.

मग लेक्लांशेचं भांडं उचकटलं. आतलं मातीचं भांडं मिठाच्या पांढऱ्या थराने गच्च झालं होतं. नवसागराचं पाणी पार पातळ झालेलं. सेलचं मूळ बळ जवळपास पूर्वीइतकंच होतं, पण आतला रोध कितीतरी वाढला होता. आमचा स्वस्तातला व्होल्टमीटर लावला की त्यातून प्रवाह वाहायचा, त्या रोधातच काही व्होल्टेज खर्च व्हायचं आणि उरलेलं काटा दाखवायचा. पोटेन्शिओमीटरवर तोल सापडतो त्या क्षणी सेलमधून प्रवाहच नसतो, मग आतला रोध कितीही असो, गमावण्यासारखं काही नसतं. फळ्यावर हे मी वीस वर्षं लिहीत होतो.

मामांना विचारलं, “मग त्या दोघांचं बावीस कसं आलं?”

ते मान खाली घालून म्हणाले, “तुमची डायरी टेबलावरच व्हती सर. पोरं गावातलीच. म्या दावली.”

म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांची मी पाठ थोपटली आणि ज्या एकाने मोजलं त्याचा कान फोडला. मी मामांवरही हात उगारला होता. तो तसाच खाली आला.

त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. गेलो नाही. जर्नल सही करून पाठवून दिलं, वाटलं तेवढ्यात भागेल. भरतीत तो धावण्यात पहिल्या काहींत आला. मेडिकलला डॉक्टरने कानात टॉर्च धरला आणि पडद्याला भोक म्हणून बाहेर काढला. पुढच्या वर्षीही तेच. कान वाहत राहिला. मग वय निघून गेलं.

मागच्या महिन्यात मी मंठ्याला गेलो. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. समोर जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी. मी डाव्या बाजूने बोलायला लागलो तर त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. मी सगळं सांगितलं, डायरी, व्होल्टमीटर, दुसऱ्या दिवशीची मोजणी.

तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, “मला काय सांगून राह्यले सर? मला त्याच दिवशी माहीत होतं. मीच काढलं होतं ना ते.”

“मग आता मी काय करू?”

“दादाला सांगा. त्ये अजून पाव्हण्यारावळ्यात म्हणतेत, पोरगं लबाड बोललं म्हून मिल्ट्री गेली.”

त्याने शटर ओढलं आणि मला गाडीवर मागे बसवून गावाकडे नेलं. वडील ओसरीत बाजेवर होते, पार वाळलेले. मला ओळखून उठायला लागले, पाया पडायला हात पुढे आला. मी तो धरला आणि उभ्यानेच सांगितलं. सेल, रोध यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, “तुमच्या मुलाने खरं लिहिलं होतं. खोटा मी होतो. कान माझ्या हाताने फुटला. आणि हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग म्या त्याला कशापायी मारलं?”

त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग दुसऱ्या गालावर, मग दोन्ही हातांनी, जोराने, आवाज शेजारच्या घरापर्यंत जाईल असा. मी पुढे सरकलो तर मुलाने मला छातीवर हात ठेवून मागे ढकललं. बाजेवर गुडघा टेकून त्याने बापाची दोन्ही मनगटं धरली. म्हातारा सुटायला धडपडत होता, त्याच्या ओठातून रक्त आलं होतं.

“जा सर तुम्ही,” मुलगा मान न वळवता म्हणाला. “आता जा.”