‘गहू नाही’ ही ओळ

बायको कैरीचं लोणचं घालते आणि ऑनलाइन विक्रीसाठी त्याची माहिती मी लिहितो. नुसत्या चवीचं कौतुक मी लिहीत नाही. बरणीचं वजन सोडून चारशे ग्रॅम, भरल्याची तारीख, उघडल्यावर किती दिवस टिकेल, वाटेत फुटली तर काय, एवढं लिहिलं की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

एकदा नागपूरच्या एका बाईंनी विचारलं, “मुलीला गहू डॉक्टरांनी कायमचा बंद केलाय. तुमच्या लोणच्यात आहे का?”

मी बायकोला वाचून दाखवलं. ती फोडी पुसत होती. “लोणच्यात गहू? आंबोळीत मासे असतात का, तेही विचारा म्हणावं!”

आम्ही दोघंही हसलो. तरी मी जिन्नस मोजले: कैरी, मीठ, मोहरी, मेथी, हळद, तिखट, हिंग, तेल. आठ. त्यांना ‘नाही’ कळवलं आणि पुन्हा कोणी विचारायला नको म्हणून माहितीतही ‘गहू नाही’ अशी ओळ घातली.

दीड महिन्यात अकरा बरण्या गेल्या. मग त्याच बाईंचा निरोप आला. मुलीचं पोट आठवडाभर बिघडलं होतं, नवीन खाल्लेलं फक्त लोणचं. “परत एकदा बघाल का?”

एकेक डबा काढला. हिंगाच्या डबीमागे बारीक अक्षरात होतं: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. पीठ पहिलं, म्हणजे सगळ्यांत जास्त. वीस वर्षं हीच डबी आमच्या घरात येते.

“चिमूटभर तर असतं,” बायको म्हणाली.

“किलोला दोन चमचे घालतेस.”

“गणित नका करू हो. ओळ काढा नि गप्प बसा. माझं लोणचं चार वर्षं विकलं जातंय, तुमची ओळ दीड महिन्याची.”

मी बाईंना फोन करून हिंगातल्या पिठाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे मी विचारलं, तरीही?”

दुसऱ्या दिवशी लोणच्याखाली त्यांचा अभिप्राय दिसला: विचारल्यावर खोटं सांगितलं. ‘चुकीचं’ हा शब्द जास्त बरोबर ठरला असता, पण तो मागायला मला तोंड नव्हतं. खाली लिहिलं, ‘हे खरं आहे. आमच्या हिंगात गव्हाचं पीठ होतं.’ उरलेल्या दहा बरण्यांच्या घरी फोन केले. दोघांनी त्या ओळीसाठीच लोणचं घेतलं होतं.

त्यानंतर मागणी जवळजवळ थांबली. पडवीत बरण्या तशाच राहिल्या. ग्राहकांचे निरोप बायको आता स्वतःच वाचते.

या वर्षी पीठ न मिसळलेला खडा हिंग आणून घरी कुटला. मी विचारलं, “आता लिहू ना, गहू नाही?”

तिने मान वर केली नाही. “मोहरी कुठे दळून आणलीत?”

नाक्यावरच्या गिरणीत. माझ्या आधी तिथे गव्हाचा डबा होता.

“मग नका लिहू,” ती म्हणाली. मी लिहिलं: गहू चालत नसलेल्यांनी हे लोणचं घेऊ नये.