आल्या किती, न आल्या किती

हुलसूरला आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एक सभागृह आहे. तिथे दुपारी शिवणाचा वर्ग चालायचा. शिकवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसले होते आणि शक्यतो कुणाशी बोलत नव्हते. शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि चार माणसांत कुठल्याच भाषेत तोंड उघडायचं नाही, अशी माझी सवय.

एक दिवस अक्का आमच्या दारात आल्या. वर्ग चालवणाऱ्या बिदरच्या ऑफिसातून फोन आला होता. वर्गाची हजेरी यादी करून पाठवलेली चालणार नाही, तक्ता पाहिजे. डाव्या बाजूला नावं, वर तारखा, प्रत्येक घरात हजर असेल तर पी, नाहीतर ए. शेवटी टक्केवारी. पंचाहत्तरच्या खाली असेल तिला परीक्षेला बसता येणार नाही, आणि परीक्षा नाही तर सर्टिफिकेट नाही.

"तुला येतंय म्हणे कॉम्प्युटर," अक्का म्हणाल्या. "परवा पाठवायचंय."

मी मान हलवली.

"व्हय म्हणायलीस का न्हाई म्हणायलीस? इंग्लिश शाळंत मानच हलवायला शिकवतेत का?"

"करते," मी म्हटलं.

त्यांनी फोनवरची यादी मला पाठवली. वर्गाच्या पन्नास दिवसांची, एका अंगठ्याने टाइप केलेली. तारीख, त्याखाली एखादा शब्द, त्याखाली नावं. कुठे दोन नावं, कुठे अकरा, कुठे एकही नाही. एका ठिकाणी नुसतं 'येळवस' लिहिलेलं. त्या अमावास्येला गाव शेतात जेवायला जातं, वर्ग नव्हता, हे मलाही कळलं.

मला ती यादी फार गबाळी वाटली, हे कबूल करायला हवं. मी ती स्वच्छ करायला घेतली. तारीख नाही आणि नाव नाही असं जे काही मधे होतं ते मी काढून टाकलं. मग प्रत्येक नावापुढे त्याची तारीख आणली, म्हणजे दोन रकाने झाले, तारीख आणि नाव. त्यातून चोवीस जणींची नावं खाली एकेकदा, तारखा आडव्या एकेकदा. प्रत्येक घरात एकच सूत्र: ह्या बाईचं नाव ह्या तारखेला सापडलं तर पी, नाही सापडलं तर ए. सूत्र एका घरात लिहिलं, खाली आणि आडवं ओढलं, आणि सगळा तक्ता एका क्षणात भरला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. टक्केवारी फार कमी येत होती, पण मी मनात म्हटलं, बायका येतच नसतील. अक्कांना विचारावं असं एकदा वाटलं. विचारायचं म्हणजे फोन करावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी मी छापलेला तक्ता घेऊन वर्गात गेले. अक्कांनी तो कापायच्या टेबलावर पसरला आणि मशीनं थांबली.

"ए म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"ए म्हंजे अॅबसेंट. न आलेली," अक्का म्हणाल्या.

"मग मी आलेच न्हाई की. हे बघ, सगळं ए ए ए."

"माझंबी."

सगळ्यात वरची टक्केवारी चौसष्ट होती. ती होती वर्गातल्या सर्वात धाकट्या मुलीची, जी माझ्याच वयाची असेल. तिने बोटाने आपली ओळ तपासली आणि हात कमरेवर ठेवले.

"बघा, पहिली आले मी. आन् अक्का मला रोज बोलायलत्या."

"तू पहिली आलीस म्हंजे यादीच खुळी हाय," अक्का म्हणाल्या. बायका हसल्या.

हसली नाही ती एकच. तिला सगळ्या मावशी म्हणत. पन्नाशीची असेल. शेजारच्या खेड्यातून टमटमने यायची. तिच्या ओळीच्या शेवटी एक्केचाळीस लिहिलेलं होतं आणि तिने ते वाचलं होतं.

"मावशी, रोज घरातनं निघत हुतीस की. कुटं जात हुतीस गं?" धाकटी म्हणाली.

"गप," कुणीतरी तिला म्हणालं.

मावशीने मला विचारलं नाही. अक्कांनाही नाही. तिने पिशवीतून आपली फाइल काढली. वर्गात प्रत्येकीला नमुन्यांची फाइल करावी लागते: कापडाच्या छोट्या तुकड्यावर त्या दिवशी शिकलेलं शिवायचं, कागदावर टाचायचं, वर तारीख घालायची. काज, चुण्या, गोल गळा, पट्टी. बहुतेकींच्या फाइली अर्ध्या असतात. मावशीची एखाद्या पोथीसारखी जाड झाली होती. तिने ती तक्त्याशेजारी ठेवली, एका ए वर बोट ठेवलं, वरची तारीख वाचली आणि फाइलमधलं त्याच तारखेचं पान उघडलं.

"ह्या दिवशी मी हे केलते," ती म्हणाली.

पानावर चार काजं होती. पहिलं वाकडं, चौथं सरळ.

तिने दुसरा ए दाखवला. त्याचंही पान होतं. तिसरा. आवाज चढला नाही, घाई नव्हती. मी फोन काढला आणि त्या काजांच्या तारखेची मूळ यादी पाहिली. तारखेखाली दोन नावं होती. आणि मधे तो शब्द, जो मी कचरा म्हणून काढला होता. गैरहजर.

मी पुढची तारीख पाहिली. हजर, आणि अकरा नावं. पुढची, गैरहजर, तीन नावं. त्यापुढची, सगळ्या हजर, नाव एकही नाही.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही कधी आलेल्यांची नावं लिहिता, कधी न आलेल्यांची?"

"मग? कमी असतेत ते लिवायचं. चोवीस नावं रोज अंगठ्यानं टाइप करत बसू, तर शिकवू कवा?"

त्या हे अगदी सहज बोलल्या. मी ज्याला गबाळं समजले होते त्यात एक नेम होता, आणि पन्नास दिवसांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता. प्रत्येक दिवशी वर शब्द होता. तुरीच्या राशी चालल्या होत्या आणि बायका शेतात होत्या तेव्हा दहा-अकरा जणीच यायच्या, तर आलेल्यांची यादी. एरवी न आलेल्यांची. चुकलं होतं माझं सूत्र. त्याला यादीतलं प्रत्येक नाव हजर वाटलं होतं. त्यामुळे मावशीचं नाव न आलेल्यांत सापडेना, आणि न आलेल्यांची यादी असलेल्या सव्वीसही दिवशी तिला ए मिळाला. आणि ज्या सहा दिवशी सगळ्या आल्या, त्या तारखा नाव नसल्यामुळे तक्त्यातून गेल्याच होत्या.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. वर्गात सगळ्यांसमोर मी बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. "यादी बरोबर आहे. मी मधला शब्द काढला."

"मग घाल की परत," अक्का म्हणाल्या. "रडायलीस कामून?"

मी रडत नव्हते, पण बहुतेक तशी दिसत असेन.

घरून लॅपटॉप आणला आणि त्याच टेबलाच्या टोकाला बसले. प्रत्येक तारखेला तिचा शब्द परत जोडला. आता सूत्र दोन प्रकारचं झालं: हजरच्या दिवशी नाव सापडलं तर पी, गैरहजरच्या दिवशी नाव सापडलं तर ए, आणि बाकीच्यांना त्याच्या उलट. हरवलेले सहा दिवस परत आले, सगळीकडे पी. येळवशीची तारीख घेतली नाही, कारण वर्गच नव्हता. पन्नास रकाने झाले. मावशीची ओळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पी झाली. बाकीच्याही पंचाहत्तरच्या वर गेल्या. एकच राहिली.

"बहात्तर?" धाकटी माझ्या खांद्यावरून वाकली. "मघाशी पहिली हुते की."

"सोळा दिवस तू कमी लोकं असताना आलीस," मी म्हटलं. "बारा दिवस बाकी बहुतेक आल्या तेव्हा आली नाहीस."

"गर्दी नसली की मोटारीचं मशीन मिळतंय," ती म्हणाली. खोलीत मोटर लावलेलं मशीन एकच होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अक्का, दोनच दिवस कमी हायेत. दोन ए चं पी केलं तर कुणाला कळणार?"

अक्कांनी स्क्रीनवरच्या तिच्या ओळीकडे पाहिलं. त्यांना ती मुलगी आवडायची, हे मी पाहिलं होतं. दोन घरांत दोन अक्षरं बदलायची होती, आणि बदलणारी मी होते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मावशी लॅपटॉपशेजारी फाइल ठेवून नव्या तक्त्याशी पान पान लावत होती. ती थांबली.

"हितं पी हाय," ती म्हणाली. "ह्या दिवसाचं माझं पान न्हाई."

तारीख 'सगळ्या हजर'वाल्यांपैकी होती.

"पान राहिलं असंल," अक्का म्हणाल्या. "सगळ्या हुत्या त्या दिवशी."

"मी न्हवते. लेकीला दवाखान्यात घेऊन गेलते. तुम्ही मला फोन केलता, अक्का, ध्यानात हाय का?"

अक्कांनी कपाळाला हात लावला. "व्हय की. सांजच्याला केलता. तू येशील म्हणून यादी आधीच लिवून बसले हुते मी."

"मग ए लाव, बाई," मावशी मला म्हणाली.

"असू दे," अक्का म्हणाल्या. "एका दिवसानं तुझं काय बिघडतंय?"

"बिघडत न्हाई. म्हणूनच लाव म्हणायले."

मी त्या घरात ए लावला. अठ्ठ्याण्णव झाले. धाकटी माझ्या खांद्यावरून सरळ झाली; तिचे ए तसेच राहिले. अक्का तिला म्हणाल्या, पुढच्या बॅचला पहिल्या दिवसापासून ये, मोटारीचं मशीन तुझं. तिने नाक उडवलं, पण 'बरं' म्हणाली.

पाठवण्याआधी मी मावशीच्या शेजारी बसून तिची फाइल आणि पन्नास रकाने पुन्हा एकदा जुळवले. तिने सांगितलं नव्हतं. मी तारीख मोठ्याने वाचायचे, ती पान उलटायची आणि 'हाय' म्हणायची. एका तारखेला 'न्हाई' म्हणाली. मला कुणासोबत इतका वेळ सलग बोलल्याचं आठवत नव्हतं, जरी ते बोलणं नुसत्या तारखांचंच होतं.

"म्हंजे परीक्षेला बसता येतंय?" तिने विचारलं.

"येतंय," मी म्हटलं आणि तक्ता पाठवला.

ती उठली. तिच्या मशीनवर एक ब्लाउज अर्धवट पडला होता, अस्तर लावायचं होतं.