अभ्यासक्रमातून गेलेला खंड

माझ्या गावचा तो. इचलकरंजीत मागावर काम करता करता बी.ए.ला बाहेरून बसायचा. अर्थशास्त्राचा एकच पेपर राहिला होता. सूतगिरणीत कारकुनाची जागा होती, पण पदवी पाहिजे होती, आणि तिथले ओळखीचे साहेब या निकालापर्यंतच थांबणार होते. तेवढ्यात अभ्यासक्रम बदलला. जुन्याची शेवटची परीक्षा होऊन गेली होती, आता नव्यावरच बसायचं होतं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे कुणाला शिकवायची माझी छाती नव्हती. पण त्याला माझ्याशिवाय विचारायला कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो आपली जुनी टिपणं घेऊन एसटीने माझ्याकडे कोल्हापूरला आला. वसतिगृहाच्या वाचनालयात आम्ही जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवला.

"समदं पुन्यांदा लिवायचं व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाय. जे आलंय आणि जे गेलंय तेवढंच."

एकेक मुद्दा दोन्हीकडे शोधत गेलो. ‘मजुरी’च्या जागी ‘वेतननिश्चिती’ आलं होतं. खालचे पोटमुद्दे तेच होते, म्हणून ती पानं तशीच ठेवली. नवे मुद्दे दोन: राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धती आणि गुणक, म्हणजे गुंतवणुकीच्या कितीपट उत्पन्न वाढतं ते. ते मी ग्रंथालयातल्या पुस्तकातून सुट्या कागदांवर उतरवून जागच्या जागी टाचले. आणि खंडाचा सिद्धांत पूर्ण गेला होता. त्या पानांवर मी लाल पेन्सिलीनं फुली मारायला लागलो, तर त्यानं माझा हात धरला.

"आरं, ह्येच तर मला येतंय."

त्याचं खरं होतं. त्याचा बा दुसऱ्याचं रान खंडानं करायचा. जमीन चांगली की वाईट, खंड कसा ठरतो, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. गेल्या परीक्षेतही त्याला मार्क मिळाले ते त्याच प्रश्नाला.

"पण ते विचारणार न्हाईत आता," मी म्हणालो.

"मग मी काय लिवू?"

"गुणक कर. दोनदा वाच."

"पाळीवरनं आलं की डोळं मिटत्यात गड्या. त्यात तुझा गुणक."

तो हसला. मी फुली मारली.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर थांबलो होतो. तो बाहेर आला तेव्हा शाईनं बोटं भरली होती. मला बरं वाटलं. चालता चालता प्रश्नपत्रिका बघितली. राष्ट्रीय उत्पन्न होतं, गुणक होता, दोन्ही सक्तीचे. वेतननिश्चितीच्या, म्हणजे मजुरीच्याच, प्रश्नाचं उत्तर त्यानं बरोबर सांगितलं.

"आणि गुणकाचं?"

"खंड लिवला."

"का?"

"कोरं कसं सोडू? शेजारचं पोरगं पुरवणी मागत हुतं. मला येतंय ते लिवलं. चांगलं लिवलंय रं."

परीक्षक त्या पानांवर आडवी रेघ ओढणार, हे त्यालाही कळत असावं. निकालात तो नापास झाला. सूतगिरणीत दुसरा कुणी लागला. पुढच्या वेळी बसशील का, असं मी पत्रातून विचारलं. त्यानं उत्तर पाठवलं नाही. नंतर गावात भेटला तेव्हा मागाविषयीच बोलला. मागांच्या खडखडाटात राहून आवाज मोठा ठेवून बोलायची त्याला सवय लागली होती.