पुढच्या खोलीचं भाडं

महिन्याच्या सुरुवातीला माझा फोन एकदा वाजतो. बँकेचा निरोप असतो, पैसे जमा झाल्याचा. मुलाचा फोन रविवारी. बाकी दिवस फोन आपला फ्रिजवर पडलेला असतो.

आमच्या चंद्रपुरात लोक याला उलटं कर्ज म्हणतात. घर बँकेकडे गहाण ठेवायचं, पण हप्ता आपण भरायचा नाही. बँकच दर महिन्याला ठरलेली रक्कम आपल्याला देते. दिली तेवढी कर्जात चढते, त्यावर व्याज चढतं, मग त्या व्याजावरही व्याज. मी कूलरसमोर झोपलेली असते तेव्हाही ते कर्ज वाढतच असतं. मी जिवंत आहे आणि या घरात राहते आहे, तोवर कोणी परत मागत नाही. माझ्या मागं मुलानं सगळं फेडलं तर घर त्याचं. नाही फेडलं तर बँक विकेल, उरलं ते त्याला देईल, आणि कमी पडलं तर त्याच्या दारात जाणार नाही. एवढं मी तीनदा विचारून घेतलं होतं.

आमच्या यांचं सायकलचं दुकान होतं, म्हणजे पेन्शन नाही. ते गेल्यावर मुलगा बंगळुरूहून पैसे पाठवायचा. नेमानं पाठवायचा, खोटं कशाला बोलू. पण एकदा त्याचा पगार लांबला आणि मी आठ दिवस दुधवाल्याला टाळत मागच्या दारानं ये-जा केली. पोराला फोन करून विचारावं, तर जीभ उचलेना. तेव्हाच हे कर्ज घ्यायचं ठरवलं. तो रागावला. म्हणाला, "आई, मी काय कमी देतो का तुला?" मी म्हटलं, "कमी नाही रे बाबा. पण मला कोणाच्या हाताकडे पाहत बसायचं नाही." मग त्यानं आपला हिस्सा लिहून सोडला, घर माझ्या एकटीच्या नावावर झालं आणि बँकेचं काम झालं.

सही करताना मॅनेजरनं अटी मराठीत समजावल्या. घर नीट ठेवायचं, टॅक्स आणि विमा भरायचा, सलग वर्षभर घर सोडून राहायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. मी सगळ्याला मान डोलावली. भाडं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते बिऱ्हाड, करारनामा, वेगळं मीटर. आमच्या लेआउटमध्ये दर दुसऱ्या घराच्या पुढच्या खोलीत गडचिरोलीकडची एखादी मुलगी कपड्यांची पत्र्याची पेटी घेऊन शिकायला राहते. तिला कोणी भाडेकरू म्हणत नाही. मुलगी ठेवली, असं म्हणतात.

मीही ठेवली. धानोऱ्याच्या आतल्या गावची, नर्सिंगला आलेली. पैशासाठी नाही ठेवली. घरात दिवसभर आवाज म्हणजे कूलरचा, त्यातही लाइट गेली की तोही बंद. सकाळी दारापुढच्या ओट्यावरची, खाणीकडून येणारी कोळशाची काळी धूळ झाडायची, दुपारी पुन्हा झाडायची, आणि त्यात दिवस काढायचा.

तिचा बाप पोचवायला आला तेव्हा तांदळाचं पोतं घेऊन आला. वर घडी केलेल्या नोटा. मी नको म्हणाले, त्यानं ओट्यावर ठेवल्या. मी परत दिल्या, तर तो पेटी उचलायला लागला. म्हणून घेतल्या. पुढे दर महिन्याला भाडं यायचं, आणि उन्हाळ्यात चारोळी, वाळलेली मोहफुलं.

मुलगी गोड होती. रात्री आईशी फोनवर गोंडी बोलायची. मला एक शब्द कळायचा नाही, पण भिंतीपलीकडे कोणी बोलतंय या आवाजावर मला झोप लागायची. बँडेजचा सराव माझ्या हातावर. चांगला धडधाकट हात गळ्यात बांधून मी टीव्ही पाहत बसायची. शेजारीण एकदा घाबरून आली होती, कशा पडल्या बाई म्हणून.

दर वर्षी बँकेचा माणूस पाहणीला येतो. मी आहे की नाही, घरातच राहते की नाही, भिंती धड आहेत की नाही. त्या वर्षी आला तेव्हा मुलीचा बापही आलेला, ओट्यावर चहा पीत बसलेला. साहेबानं पुढच्या खोलीतली पुस्तकं पाहिली, दारातल्या चपला पाहिल्या. विचारलं, "आजी, ही कोण?"

"नातीसारखी आहे," मी म्हटलं. "राहते माझ्यापाशी. सोबत होते."

तो पाहुणी म्हणून लिहिणारच होता. तेवढ्यात बाप कप खाली ठेवून उठला. आपली पोर कोणाच्या दयेवर राहते असं परक्या माणसानं समजावं, हे त्याला सोसलं नाही.

"साहेब, माही पोरगी फुकट नाई राहत जी. दर महिन्याले भाडं देतो मी. तांदूळ येगळे."

साहेबाचा पेन थांबला. माझ्याकडे पाहिलं त्यानं. चांगला मुलगा होता, पण आता कानानं ऐकलं होतं. म्हणाला, "आजी, हे मला वर कळवावं लागेल."

बँकेत गेले. मॅनेजर ओरडला नाही. पण सांगितलं, असंच चालू राहिलं तर कर्ज बंद करून सगळी रक्कम व्याजासकट मागता येते. ती मी कुठून देणार? घर विकूनच. मग मीच विचारलं, फुकट राहिली तर? तो म्हणाला, सोबतीला कोणी राहिलं तर हरकत नाही, भाडं नको, आणि तसं लिहून द्या.

मी ऑटोत बसून हसतच घरी आले. एवढंच ना!

बापाला बोलावून घेतलं. म्हटलं, "भाऊ, भाडं बंद. तांदूळही नको. पोरगी माझी नात समजा आणि राहू द्या."

तो हळूच म्हणाला, "बाई, तुमी चांगल्या आहात. पण फुकट नाई ठेवत मी. उद्या पोरीले तुमच्यापुढं मान वर करून बोलता नाई आलं तं?"

"ती कशाला मान खाली घालेल?"

"तुमी पोराचे पैसे काऊन नाई घेत मंग?"

रागानं नाही विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच्या पोरीनंच कधीतरी सांगितलं असणार. मुलगी दारात उभी होती. मी काहीतरी बोलेन म्हणून माझ्याकडे पाहत होती. दुसरा माणूस असता तर मला भांडता आलं असतं. हा तर माझ्याच तोंडचं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी ती होस्टेलवर गेली. जाताना माझ्या आठवड्याच्या औषधाच्या गोळ्या डब्याच्या खणांत भरून गेली. सुरुवातीला रविवारी यायची. आता भामरागडकडे नोकरीला आहे, तिथं रेंज नसते.

पुढची खोली मी रोज झाडते. घर नीट ठेवायचं, अटच आहे ती. परवा तोच साहेब पाहणीला आला. खोलीत डोकावला. पलंगावर नुसती गादी, दारात माझ्या एकटीच्या चपला.

"आजी, सोबत कोणी राहतं का?"

"नाही."

त्यानं लिहिलं. चहा घ्या म्हटलं, तर त्याला अजून दोन घरं करायची होती. मी गाळलेला चहा पुन्हा पातेल्यात ओतला आणि त्याची गाडी वळेपर्यंत ओट्यावर उभी राहिले. या वेळी त्याला वर कळवायला काहीच सापडलं नव्हतं.