चुकलेला सातवा धागा

धुलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली, एक बाई एकवीस वर्षं रफू करत बसली होती. तिला सगळे रफूवाली म्हणत. फाटलेल्या, जळलेल्या, कसर लागलेल्या कापडात ती धाग्याला धागा जोडून असं भोक बुजवी की कपड्याच्या मालकालाही बोट ठेवून जागा शोधावी लागे. आणि या एकवीस वर्षांत तिला लोकांनी काय सांगितलं? तर, बाई, तुम्ही दिसायला छान आहात.

ती दिसायला छान होती, यात वादच नाही. शेहेचाळिसाव्या वर्षीही नाक-डोळे जागच्या जागी होते. सतरा-अठराव्या वर्षी ते कौतुक ऐकून कान तापायचे. पुढे नवरा त्याच कौतुकावर लग्न करून गेला आणि तशाच दुसऱ्या कौतुकाच्या मागे निघून गेला. त्यानंतर ते शब्द पंख्याच्या घरघरीसारखे झाले. चालू असला तर ऐकू येत नाही, बंद पडला तर बरं वाटतं.

"डोळे काय सुंदर आहेत हो तुमचे," कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणे.

"हो का," ती म्हणे. "पावती दाखवा."

डोळे सुंदर होते, पण हल्ली ते दुपारनंतर चुरचुरायचे. काळ्या कापडावर काळा धागा दिसेना. मान आखडायची. संध्याकाळी घरी गेल्यावर ती पाच मिनिटं नुसती पायरीवर बसायची, कुलूप उघडायचीसुद्धा ताकद गोळा करावी लागायची. कॉलेजात शिकणारी लेक म्हणायची, "अगं आई, उठून आत तरी बस." ती म्हणायची, "आत गेलं की काम दिसतं."

अशात शेठनं मोठ्या रस्त्यावर काचेचं नवं दुकान घेतलं. शेठ म्हणजे या धुलाईचा मालक, गोड बोलणारा माणूस. त्यानं तिला बोलावून सांगितलं, "बाई, नव्या दुकानात तुम्ही काउंटरवर. खुर्ची, पंखा, सावली. डोळ्यांना त्रास नाही."

"आणि रफू?"

"रफू आता कोण करतं? लोक नवीन घेतात. आलंच तर बाहेर पाठवू. तुमच्यासारखा चेहरा मागच्या खोलीत ठेवणं म्हणजे... तुम्हीच सांगा. हे जुनं दुकान महिनाअखेर बंद. शनिवारपर्यंत विचार करा."

म्हणजे कोड्यासारखं काही नव्हतं. शनिवारी हो म्हटलं तर आयुष्यभर हसून पावत्या फाडायच्या आणि सुई कायमची ठेवून द्यायची. नाही म्हटलं तर बसायला जागाच नाही. ती थकलेली होती. खरं सांगायचं तर ती हो म्हणणार होती. घरी लेकीला तसं बोललीही. लेक म्हणाली, "घे ना मग. मान तरी दुखायची थांबेल." तिनं मान हलवली. तेवढ्यानंही ती दुखली.

त्याच आठवड्यात शेजारचा घड्याळवाला त्याचा कोट न्यायला आला. घड्याळवाल्याची टपरी आणि तिची खोली यांच्यामध्ये एक लाकडी फळी होती. सहा वर्षांचा शेजार, पण बोलणं पाणी आलं का, वीज गेली का, एवढंच. विधुर, अबोल, डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायम वर चढलेली. करड्या लोकरीचा जुना कोट होता, उजव्या कोपरावर कसरीनं बोटभर खाल्लेला. तिनं सोमवारी देते म्हणून सांगितलं होतं आणि दिला पुढच्या सोमवारी. त्यावरून तो जरा तडकलाही होता.

त्यानं बाही उजेडात धरली. मग म्हणाला, "छान रफू केलंय. छान दिसतंय."

"दिसतंय?" ती म्हणाली.

"म्हणजे... चांगलं दिसतंय."

"दिसतंय तर मग चुकलंय. ठेवून जा. उसवून परत करते."

तो गडबडला. रफू करणाऱ्या बाईला रफू दिसतं असं सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला खडा लागला असं सांगणं, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. "नको, नको," म्हणत कोट काखेत मारून तो निघून गेला. तिला रागही आला नाही. वाटलं, हा पण त्यातलाच. इतरांनी नाक-डोळे घेतले, यानं बाही घेतली, बोलायचं ते वरवरचंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. कोट उलटा केलेला, अस्तराची शिवण त्यानं स्वतः चार बोटं उसवलेली, आणि भिंग कपाळावर.

"काल मी न बघता बोललो," तो म्हणाला. "लोक मला पण म्हणतात, घड्याळ छान चालतंय. चालणारच, त्यासाठीच दिलं होतं. तसं झालं ते. रात्रभर नाही, पण सकाळपासून बघतोय."

"काय बघताय?"

"धागे तुम्ही काखेतल्या शिवणीत दडलेल्या कापडातून काढलेत. तिथं दोन बोटं कापड कमी झालंय."

"सगळेच तिथून काढतात."

"असेल. पण तिथलं कापड गडद आहे, त्याला कधी ऊन लागलेलं नाही. कोपराचं विटलेलं. तरी दोन्हींचा रंग जुळतोय."  मग हळू म्हणाला, "तुमच्या दाराबाहेर उन्हात आठवडाभर ओल्या कागदावर करडे धागे वाळत होते. मला वाटलं होतं कचरा आहे. ते विटवण्यासाठी उशीर झाला ना? आणि मी तुमच्यावर ओरडलो."

रफूवालीनं सुई पिनकुशनात खोचली. या उशिराबद्दल एकवीस वर्षांत तिनं बोलणी खाल्ली होती. तो कशासाठी, हे एकानंही विचारलं नव्हतं.

"अजून एक," तो म्हणाला. "कडेला प्रत्येक धागा वळवताना जरासा सैल सोडलाय. आधी वाटलं आळस आहे. मग कोट घालून हात वाकवला. हात वाकल्यावर ओढ बसू नये म्हणून सोडलाय. कोपर आहे म्हणून. खिशावर असतं तर सोडला नसता. बरोबर?"

"खिशावर घट्ट घेते," ती म्हणाली. 

"आणि सातव्या धाग्याची वीण चुकलीय. दोनावरून जायचा तो तीनावरून गेलाय."

तिला ते माहीत होतं. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं होतं, चुरचुरीनं. चूक दिसली होती आणि उसवायची ताकद नव्हती. कोणाला कळणार आहे, म्हणून तिनं तो तसाच सोडला होता.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," ती म्हणाली.

"भिंगातून. नाहीतर नाही."

त्या सातव्या धाग्याचा विषय त्यानं काढला नसता, तर बाकीचं तिनं इतकं मनावर घेतलं नसतं. ज्याला चूक सापडते, त्यानंच खरं बघितलेलं असतं. पुढं तो चहाला चला म्हणेल, हसून काहीतरी मागेल, म्हणून ती वाट बघत राहिली. अनुभव तसाच होता ना! पण त्यानं कोट घडी केला, अस्तर कधी शिवून मिळेल ते विचारलं आणि फळीपलीकडे जाऊन कामाला लागला.

हे सगळं शेठनं पुढच्या काउंटरवरून ऐकलं. शेठ हुशार माणूस. बाईचं कुलूप कुठल्या किल्लीनं उघडतं ते त्याला कळलं, असं त्याला वाटलं. शनिवारी तो मागच्या खोलीत आला, हात जोडून.

"बाई, चेहऱ्याचं राहू द्या. तुमचं काम! काम म्हणजे काय, कला आहे, कला!"

"कुठलं काम?"

"सगळंच हो."

"एक सांगा."

शेठनं खोलीभर नजर फिरवली. "ती... ती निळी पँट. काय सफाई! कुठं फाटली होती तेच कळत नाही."

"ती फाटलेलीच नाही. फक्त इस्त्रीला आलीय."

शेठ हसला. हसण्यावारी न्यायला तो पटाईत. "तुम्ही पण ना! बरं, तेच तर म्हणतो. अशी गुणी बाई दर्शनी पाहिजे. बसताय ना काउंटरवर?"

तिच्या लक्षात आलं की तेच जुनं शेपूट आहे, फक्त तोंड बदललंय. 'डोळे सुंदर' काय आणि 'काम सुंदर' काय, न बघता म्हटलं की दोन्हीचा भाव एकच. पंखा दुसरा, घरघर तीच.

"नव्या दुकानात खिडकीपाशी एक टेबल द्या," ती म्हणाली. "रफू करते. मधेमधे पावत्याही फाडीन."

"रफू नाही म्हटलं ना."

"मग मी पण नाही."

"अहो, जाल कुठं?" शेठचा गोडवा एका दमात उतरला. "या वयात? हे डोळे घेऊन?"

"आता डोळे सुंदर नाहीत वाटतं," ती म्हणाली, आणि सुया डब्यात भरायला लागली.

हे शूरपणानं झालं असं कोणी समजू नये.  सुया मोजताना दोनदा चुकल्या. घरी पायरीवर ती त्या दिवशी वीस मिनिटं बसली. लेकीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "घड्याळवाले दिसण्याबद्दल काहीच बोलले नाहीत?"

"नाही."

"बरं वाटलं ना?"

"बरं वाटलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं आत जाताना तिनं आरशात एकदा पाहिलं, आणि स्वतःवरच चिडली.

सोमवारी ती घड्याळवाल्याच्या टपरीत उभी राहिली. त्याचीही खिडकी उत्तरेचीच होती, आणि टेबल अर्धं रिकामं.

"अर्धं टेबल पाहिजे," ती म्हणाली. "माझं गिऱ्हाईक माझं. उपकार नकोत."

त्यानं भिंग वर केलं. "आवाज चालेल? मी रेडिओ लावतो."

"सहा वर्षं ऐकतेय की फळीतून." ती थबकली. आता बोलायची पाळी तिची होती, आणि तिला कळलं की हे सोपं नाही. बघितलेलंच सांगावं लागतं. "दुपारी तुम्ही शब्द नसलेलं लावता. नुसती सारंगी नाहीतर बासरी. शब्द आले की मोजदाद चुकते, म्हणून. चार वाजता बदलता, जरा चालीचं लावता. डोळे मिटायला लागतात तेव्हाच. माझे धागे त्यावर मोजले गेलेत. तो सातवा चुकला, त्या दिवशी तुमचा रेडिओ बंद होता."

घड्याळवाल्यानं कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. वर चढलेली भुवई पहिल्यांदाच खाली आली.

"सेल संपले होते," तो म्हणाला.

त्यानं टेबलावरची चाकं, स्प्रिंगा आपल्या बाजूला ओढून घेतल्या आणि उजेडाची बाजू तिच्यासाठी मोकळी केली. तिनं डबा ठेवला. मान दुखतच होती, डोळे चुरचुरतच होते. तिनं त्याचा कोट खुंटीवरून काढला आणि सातवा धागा उसवायला घेतला.