महांतप्पांचा दवणा

महांतप्पांनी जिल्हा परिषदेत चाळीस वर्षं कारकुनी केली, आणि त्या नोकरीनं त्यांना एक खोड लावली. वरून आलेलं खरं मानायचं. परिपत्रक आलं की संपलं. मग डोळ्यांना काही का दिसेना! रिटायर होऊन धाराशिवात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, बायको गेली, लेक ज्ञानेश्वरी पुण्याला नोकरीला लागली. बाल्कनीतल्या बारा कुंड्या आणि हे, एवढाच संसार उरला. खोड मात्र तशीच.

मागच्या दिवाळीत ते अणदूरला थोरल्या बहिणीकडं गेले. तारामतीअक्का अंथरुणाला खिळलेली, दोन्ही डोळे गेलेले, ऐकूही कमीच येणारं. तिनं उशाखालून कापडाची एक पुरचुंडी काढून त्यांच्या हातात दिली.

"दवण्याचं बी हाय. आईच्या हातचं. दरसाल पेरत आले म्हणून टिकलं बघ. ह्याला साल उलटलं की ते मरतंय, ठिवून चालत न्हाय. औंदा माज्यानं व्हायचं न्हाय, महांत्या. तू पेर. चैतात पुनवेला देवाला वाहायला घिऊन ये. एकदा वास घेते, मग खुशाल जाते."

"अशी का बोलतीस अक्का? आणतो की."

आणतो म्हणाले खरं, पण एक गोष्ट त्यांनी गिळली. कोरोनात त्यांना वास येणं बंद झालं होतं, ते परत सुरू झालंच नव्हतं. फोडणी करपली तरी त्यांना धूर दिसल्यावर कळायचं. आणि दवणा त्यांनी आयुष्यभर ओळखला तो नाकानं. पेरणं-निंदणं सगळं आईनं आणि अक्कानं केलं. हे अठराव्या वर्षी नोकरीला गेले ते देव्हाऱ्यातल्या खुडलेल्या काडीपुरतेच दवण्याचे. कोवळं रोप कसं दिसतं, देव जाणे.

घरी येऊन त्यांनी एक कुंडी रिकामी केली. नवी माती हवी म्हणून गावाबाहेरच्या एका मळ्यातून शेणखतासकट पिशवीभर आणली. बी तिळाहून बारीक, म्हणून वाळूत मिसळून पेरलं. सगळं पेरलं, चिमूटभरही मागं ठेवलं नाही. लेकीनं मोबाइलमध्ये झाडांचं ॲप टाकून दिलं होतं. फोटो काढला की ते झाडाचं नाव सांगायचं, पाण्याची, खताची, शेंडे खुडायची आठवण करायचं. महांतप्पांना ते लई आवडलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी वेळेवर आदेश काढत होतं.

पंधरा दिवसांनी कुंडीत दोन तऱ्हेची रोपं वर आली. एक नाजूक, राखाडी, नखाएवढी. दुसरी हिरवीगार, झालरीसारख्या पानांची, जोमानं वाढणारी. आता तण कुठलं आणि दवणा कुठला? अक्काला फोन लावायचं त्यांच्या मनात आलं. पण आंधळीला फोनवर काय सांगायचं, आणि वास घेऊन बघ म्हणाली तर काय उत्तर द्यायचं?

त्यांनी चष्मा पुसला आणि नाजूक रोपाचा फोटो काढला. ॲप म्हणालं, गाजरगवत, एकाहत्तर टक्के. मग जोमदार रोपाचा काढला. दवण्याच्या जातीतलं, चौसष्ट टक्के. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की रोप लहान आहे, खात्री नाही, फुलं आल्यावर पुन्हा फोटो काढा. ते त्यांनी वाचलं. पण साहेबाची सही वर झाल्यावर खालची टीप कोण विचारतो?

मनाला थोडं खटकलं. "मोबाइल काय खोटं बोलतंय व्हय?" असं स्वतःलाच दटावून त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून एकूणएक नाजूक रोप उपटलं. एक राहू दिलं असतं तर! पण अर्धवट काम त्यांना कधी जमलंच नाही. रोपं कचऱ्याच्या बादलीत गेली आणि सकाळी घंटागाडी त्यांना घेऊन गेली.

मग काय सेवा झाली म्हणता! ॲपमध्ये कुंडीच्या नावापुढं त्यांनी 'अक्काचा दवणा' असं घातलं. मोबाइल वाजला की पाणी. मोबाइल वाजला की शेंडे खुडायचे, म्हणजे रोप डेरेदार होतं. शेंड्यांबरोबर कळ्याही जात होत्या, त्यामुळं फूल काही दिसलं नाही. फूल दिसलं असतं तर शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. हातांना खाज सुटायची, पुरळ उठायचं. त्यांनी डासांना शिव्या घातल्या आणि खोबरेल चोळलं.

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी कुंडी पोत्यात गुंडाळून ते तुळजापूरच्या बसमध्ये बसले. तिथून नळदुर्ग, मग अणदूर. उन्हानं जीव नकोसा झाला होता, पण मांडीवरची कुंडी त्यांनी खाली ठेवली नाही. अक्का वाट बघत असंल, एवढंच डोक्यात.

अक्का आता अर्धीही राहिली नव्हती. त्यांनी एक काडी खुडली, बोटांनी चुरडली, तिच्या नाकाशी धरली.

"अक्का, दवणा आणलाय. आईचा."

तिनं श्वास ओढला. थांबली. पुन्हा ओढला. मग चाचपडत त्यांचा हात धरून स्वतःच नाकाशी दाबला.

"येत न्हाय रं," ती म्हणाली. "डोळं गेलं, पाय गेलं, आता नाकबी गेलं माजं. देवानं एवढं तरी ठिवायचं हुतं."

आंधळ्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात अक्काची सून प्रतीक्षा चहा घेऊन आली आणि कुंडीकडं बघून दारातच थांबली.

"मामा, हे कशाला आणलं? हे गाजरगवत हाय. आमच्या बांधाला ढीग हाय ह्याचा."

गाजरगवत! उपटलेली ती राखाडी रोपं महांतप्पांना एकेक दिसायला लागली. गप्प बसायची सोयही होती. अक्काला कमी ऐकू येत होतं, प्रतीक्षाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. नाक गेलं समजून ती गेली असती, आणि बी गेल्याचं तिला कधी कळलं नसतं. पण ती आपल्याच नाकाला दोष देत रडत होती, आणि ते त्यांना बघवेना.

ते तिच्या कानाशी वाकले. "अक्का, तुजं नाक शाबूत हाय. वास मला येत न्हाय, कोरोनापासनं. तुला सांगितलंच न्हाय. मोबाइल म्हणला म्हणून दवणा म्या उपटला, आन गवत वाढवलं."

अक्का रडायची थांबली.

"सगळाच?"

"सगळाच."

"बी?"

"एक दाणाबी न्हाय, अक्का."

तिनं त्यांचा हात सोडला. प्रतीक्षा जवळ येऊन म्हणाली, सोलापूरच्या बाजारात दवण्याच्या जुड्या मिळतात, उद्या आणू. अक्कानं मान हलवली नाही. ती भिंतीकडं कूस करून पडली.

खिशातला मोबाइल वाजला. अक्काच्या पाठीकडं बघत महांतप्पांनी तो बाहेर काढला. आज 'अक्काचा दवणा' या कुंडीला पाणी घालायचा दिवस होता.