ओंदिनाचे हात आणि रबराची रिंग

त्रिएस्तेच्या बंदरावरच्या गोदामात ओंदिनाने उभा जन्म कॉफीचे दाणे निवडले. किडका दाणा तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा. निवृत्तीनंतर त्याच बोटांनी ती रोज सकाळी शेजाऱ्यांना कॉफी पाजायची. कोरी हवी तर नेरो, दुधाचा थेंब हवा तर कापो.

आता त्या बोटांवरचा तिचा भरवसा उडाला होता. सांधे सुजले होते. कॉफी मशीनचा, पूड भरून खाली अडकवायचा दांडा दोन्ही हातांनी पार उजवीकडे ओढला तरी कडेने पाणी गळायचं. कपात मरतुकडी धार. मग तिने जिन्यात सांगून टाकलं, "डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय." शेजारी यायचे थांबले. मुलगी लोरेदाना शनिवारी नुसतं बटण दाबलं की कॉफी देणारं नवं मशीन आणणार होती, जुनं भंगारात देणार होती.

शुक्रवारी वरच्या मजल्यावरची नेवा साखर मागायला आली. साहित्याची पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी. ओट्यावर पाण्याचं तळं.

"हे काय, सिओरा ओंदिना?"

"हातांत जोर उरला नाही गं."

नेवाने दांडा ओढून पाहिला. तोंड लाल झालं. पाणी गळलंच.

"मग माझ्याही हातांत नाही."

दुपारी ती सुट्या भागांच्या दुकानातून मशीनसाठी नवी रबरी रिंग आणि जाळी घेऊन आली. प्लग काढला. मशीन कोमट होईपर्यंत दोघी थांबल्या. नेवाने मशीनमध्ये दांडा अडकतो तिथला मधला स्क्रू काढला, चमच्याने जाळी उचकटली. काळा, तेलकट थर. निम्मी भोकं बुजलेली.

"शी! यातून मी लोकांना पाजत होते?"

"तरी रोज यायचे. चव यातच असणार."

कडेची जुनी रिंग त्याहून हट्टी. दाभण घातलं तर तिचे तुकडेच पडले. ओंदिनाने एक तुकडा चिमटीत दाबला. दबेना. ओट्यावर आपटला तर खट्ट वाजला.

"हे रबर होतं?"

"होतं. कधीतरी."

ओंदिनाने तुकडा मुठीत धरून ठेवला.

नेवाने खाच खरवडून पुसली. नव्या रिंगची बाजू जुन्या तुकड्याशी ताडून पाहिली, रिकाम्या दांड्याने ती वर दाबून बसवली. मग नवी जाळी, स्क्रू.

मशीन तापलं. ओंदिनाने पूड भरून दांडा अडकवला, सवयीने दोन्ही हात लावले.

"अहो, ओढू नका! थांबला तो!"

दांडा मध्याच्या अलीकडेच अडला होता.

"एवढ्यावर?"

"नवी रिंग आहे. एवढ्यावरच."

ओंदिनाने एक हात सोडला. बटण दाबलं. कड कोरडी राहिली. कपात उंदराच्या शेपटीसारखी धार उतरली, दाट, तांबूस.

नेवा बघतच राहिली. धारेकडे नाही. ओंदिना आपलेच हात उलटसुलट करून पाहत होती, कुणीतरी ते आताच परत आणून दिल्यासारखे.

"ये इकडे," ती म्हणाली. नेवाची काळी झालेली नखं तिने नळाखाली स्वतः धुतली, हळूहळू, एकेक बोट. "पोरी, तुझं भलं होवो."

शनिवारी लोरेदाना नव्या मशीनचं खोकं घेऊन आली तेव्हा शेजाऱ्यांमुळे स्वयंपाकघरात बसायला जागा नव्हती.

"ते बाहेर ठेव," ओंदिना एका हाताने दांडा फिरवत म्हणाली. "नेरो की कापो?"